तीन हजार भेटींपैकी जाहिरातीमुळे किती?

समजा, पुण्यातल्या एका सहल कंपनीने उन्हाळी सुट्टीच्या बुकिंगसाठी २० सेकंदांची जाहिरात बनवली आणि ती महिनाभर इंटरनेटला जोडलेल्या टीव्हींवर चालवली. हजार वेळा दाखवण्याचा दर ४०० रुपये, एकूण खर्च ४ लाख. महिना संपल्यावर एजन्सीने रिपोर्ट पाठवला. जाहिरात १० लाख वेळा दाखवली गेली, त्यातल्या ९ लाख ६० हजार वेळा ती शेवटपर्यंत चालली, २ लाख घरांत पोहोचली आणि त्यातल्या ३ हजार घरांतून कंपनीच्या वेबसाइटला भेट दिली गेली. हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. रिपोर्टची मांडणी मात्र साधारण अशीच असते.

केबलवरच्या जाहिरातीनंतर असा कागद हाती येत नसे. तिथे बार्कने निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून सगळ्या प्रेक्षकांचा अंदाज बांधला जातो. स्ट्रीमिंगचा रिपोर्ट मात्र एकेका घराचा हिशोब दिल्यासारखा दिसतो, म्हणून तो वाचताना शंका येत नाही. वास्तविक त्यातले तीन मुख्य आकडे तीन वेगळ्या ठिकाणी मोजले जातात, आणि प्रत्येकात चूक शिरण्याची वाट वेगळी आहे.

शेवटपर्यंत चालली म्हणजे काय

जाहिरात सुरू झाली की टीव्हीवरचे ॲप मोजणाऱ्या सर्व्हरला छोटे संदेश पाठवत राहते. ऑनलाइन व्हिडिओ जाहिरातींसाठी VAST नावाची एक सामायिक पद्धत आहे. तिच्यात हे संदेश ठरलेले आहेत : start, पाव भाग झाल्यावर firstQuartile, निम्म्यावर midpoint, पाऊण झाल्यावर thirdQuartile आणि शेवटी complete. आपल्या रिपोर्टमधले ९ लाख ६० हजार म्हणजे सर्व्हरला मिळालेले complete संदेश. फाइल शेवटपर्यंत चालली, एवढेच ते सांगतात. समोर कोणी बसले होते का, हे सांगण्याची सोय त्यांत नाही.

मग ९६ टक्के हा आकडा कौतुकाचा का वाटतो? मोबाइलवर जाहिरात पुढे ढकलता येते किंवा बोटाने वर सरकवता येते. टीव्हीवरच्या बऱ्याच ॲपमध्ये मालिकेच्या मध्ये येणाऱ्या जाहिरातीला ‘स्किप’चे बटणच नसते. मालिका पाहायची असेल तर जाहिरात चालू द्यावीच लागते. त्यामुळे तिथे नव्वदीच्या पुढचा आकडा ही नेहमीची गोष्ट आहे, आणि त्यावरून जाहिरात आवडली असे म्हणता येत नाही.

याहून मोठी अडचण बंद टीव्हीची. टीव्हीच्या मागे स्टिक किंवा बॉक्स लावलेला असेल आणि घरच्यांनी फक्त टीव्ही बंद केला, तर ते त्या स्टिकला कळेलच असे नाही. ती पुढचा भाग लावत राहते, मधल्या जाहिराती चालवत राहते आणि प्रत्येकीचा complete पाठवत राहते. ग्रुपएम आणि आयस्पॉट या कंपन्यांनी २०२२ मध्ये अमेरिकेत याची तपासणी केली. स्टिक, बॉक्स किंवा गेमिंग कन्सोलमधून चालणाऱ्या टीव्हींवरच्या सुमारे १७ टक्के जाहिराती टीव्ही बंद असताना चालल्या होत्या. स्मार्ट टीव्हीच्या स्वतःच्या ॲपमध्ये ही चूक फार कमी होते, कारण तिथे टीव्ही बंद म्हणजे ॲपही बंद.

काही ठिकाणी, विशेषतः थेट प्रक्षेपणात, जाहिरात टीव्हीत न जोडता सर्व्हरवरच मुख्य व्हिडिओत गुंफली जाते. तेव्हा संदेशही अनेकदा सर्व्हरकडूनच जातात, आणि तिथे फसवणुकीला वाव मिळतो. २०२० मध्ये व्हाइट ऑप्स या सुरक्षा कंपनीने ‘आइसबकेट’ नावाची टोळी उघड केली. तिने अशा सर्व्हरचे सोंग घेऊन तीसहून अधिक देशांतले वीस लाखांवर प्रेक्षक निव्वळ कागदावर उभे केले होते.

सहल कंपनीने म्हणून एजन्सीकडे आणखी दोन तक्ते मागावेत : कोणत्या तासाला किती जाहिराती संपल्या आणि कोणत्या उपकरणावर संपल्या. पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान स्टिकवरचे आकडे फुगलेले दिसले, तर ते बंद टीव्हींचे असण्याची शक्यता मोठी. सुरू झालेल्यांपेक्षा संपलेल्या जाहिराती जास्त भरल्या, तर मोजणीतच बिघाड आहे.

घर कसे ओळखतात

दुसरा आकडा २ लाख घरांचा. रिपोर्टमध्ये घर म्हणजे बहुतेक वेळा वायफायचा राउटर. तो इंटरनेटवर ज्या आयपी पत्त्याने दिसतो, त्या पत्त्याखालचा टीव्ही, मोबाइल आणि लॅपटॉप एकाच कुटुंबाचे धरले जातात. जोडीला टीव्हीचा स्वतःचा जाहिरात-क्रमांक असतो. मोबाइल नंबरने लॉगिन करायला लावणाऱ्या सेवेला घर अधिक खात्रीने ओळखता येते, पण ते तिच्या स्वतःच्या कुंपणापुरतेच.

भारतात आयपीवरून घर ओळखणे विशेष अवघड आहे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते कमी पडतात, म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. अख्ख्या सोसायटीला एकच टपालपेटी असावी तशी ही स्थिती : पत्र कोणत्या फ्लॅटचे, ते बाहेरून कळत नाही. अशी कित्येक घरे रिपोर्टमध्ये एक घर म्हणून येतात. उलट बाजूने, राउटर बंद करून पुन्हा लावला की पत्ता बदलू शकतो आणि तेच घर दुसऱ्यांदा नवे म्हणून मोजले जाते. दोन्ही चुका एकाच रिपोर्टमध्ये असतात आणि त्या एकमेकींना बरोबर तोलून धरतील, याची काही हमी नाही. दोन वेगळ्या ॲपवर जाहिरात दिली असेल, तर दोघांच्या घरांची बेरीजही पोहोच म्हणून चालत नाही, कारण अनेक घरांत दोन्ही ॲप पाहिली जातात.

आता सरासरीकडे पाहू. १० लाख वेळा, २ लाख घरे, म्हणजे घरटी ५ वेळा. महिन्याभरात एक जाहिरात पाच वेळा दिसणे योग्यच वाटते. सहल कंपनीने मात्र या सरासरीची फोड मागवली आणि ती अशी निघाली : १ लाख २० हजार घरांनी जाहिरात एकदाच पाहिली, ६० हजार घरांनी तीनदा, आणि उरलेल्या २० हजार घरांत ती ३५ वेळा चालली. बेरीज करा, बरोबर १० लाख होतात. याचा अर्थ दहा टक्के घरांवर सत्तर टक्के पैसे गेले. तिथले लोक जाहिरातीला वैतागले असतील, किंवा त्यांतली काही ‘घरे’ एका पत्त्याआडची अनेक घरे असतील. कारण कोणतेही असो, सरासरी पाचच्या आड ते झाकले गेले होते.

भेट आणि कारण

तिसरा आकडा सर्वांत मोहक, कारण तो थेट धंद्याशी बोलतो. तो असा तयार होतो. कंपनीच्या वेबसाइटवर एक छोटा कोड बसवतात. कोणी वेबसाइट उघडली की तो कोड पाहुण्याचा आयपी पत्ता नोंदवतो. ज्या पत्त्यांवर जाहिरात चालली होती, त्यांच्या यादीशी तो ताडून पाहतात. जाहिरातीनंतर ठरलेल्या मुदतीत, समजा १४ दिवसांत, जुळणी झाली की भेट जाहिरातीच्या खात्यावर जमा होते. मुदत ३० दिवसांची केली की जाहिरातीत काहीही न बदलता आकडा वाढतो.

या जुळणीत खऱ्या भेटी निसटतात, कारण सोफ्यावर बसलेला माणूस फोनवर वायफायऐवजी मोबाइल डेटा वापरत असतो. उपऱ्या भेटी आतही येतात, कारण त्याच पत्त्याआडच्या दुसऱ्या घरातून कोणी वेबसाइट उघडलेली असते. पण मूळ प्रश्न त्यापुढचा आहे : ही जाहिरात नसती, तरी यांतले किती लोक आले असते? एप्रिलमध्ये सहलींची चौकशी करणारी माणसे तशीही असतातच. कोणी वर्तमानपत्रात वाचून येतो, कोणी गेल्या वर्षीच्या अनुभवावरून. त्यांच्या घरी टीव्हीवर जाहिरात चालून गेलेली असेल, तर रिपोर्ट त्यांनाही मोजतो.

याला उत्तर एकच : ज्यांना जाहिरात दाखवली नाही, अशा घरांशी तुलना. समजा, मोहीम सुरू होतानाच तशीच ५० हजार घरे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कोणताही निकष न लावता बाजूला ठेवली होती. त्यांपैकी ६०० घरांतून त्याच मुदतीत वेबसाइटला भेट दिली गेली, म्हणजे १.२ टक्के. जाहिरात पाहिलेल्या २ लाखांतून ३ हजार, म्हणजे १.५ टक्के. फरक ०.३ टक्क्याचा. २ लाख घरांत तो ६०० भेटी होतो. नमुन्यातली चढउतार धरली, तर खरा आकडा साधारण चारशे ते आठशेच्या दरम्यान असावा. उरलेल्या सुमारे २,४०० भेटी जाहिरातीविनाही झाल्याच असत्या.

प्लॅटफॉर्म अशी घरे बाजूला ठेवून देत नसेल, तर जिल्ह्यांची तुलना करता येते. कोल्हापूर आणि नाशिकमध्ये जाहिरात चालवायची, सांगली आणि अहिल्यानगरमध्ये थांबवायची, आणि आधीच्या महिन्यांच्या मानाने कुठे किती वाढ झाली ते पाहायचे. इथे वेबसाइटच्या आकडेवारीतल्या शहरावर विसंबू नये. तेही आयपीवरूनच काढलेले असते आणि मोबाइलवरचा सांगलीकर पुण्यात किंवा मुंबईत दिसू शकतो. चौकशी अर्जात ग्राहकाने स्वतः लिहिलेला पिनकोड जास्त खरा.

आता पैशांचा हिशोब

रिपोर्टप्रमाणे एका भेटीला १३३ रुपये पडले. तुलनेनंतर तोच खर्च सुमारे ६६७ रुपये होतो. समजा, दर शंभर भेटींतून दोन बुकिंग होतात आणि एका बुकिंगमागे कंपनीला २० हजार रुपये सुटतात. ३ हजार भेटी धरल्या तर ६० बुकिंग, १२ लाखांची कमाई. मालक पुढच्या महिन्यात खर्च दुप्पट करील. ६०० भेटी धरल्या तर १२ बुकिंग आणि २ लाख ४० हजार रुपये; ४ लाखांच्या खर्चावर हा सरळ तोटा. जाहिरात पाहून फोन करणारे किंवा शाखेत येणारे या हिशोबात नाहीत, म्हणून त्यांनाही ‘कुठे पाहिलेत?’ असे विचारून नोंदवायला हवे.

तोटा दिसला म्हणून जाहिरात बंद करण्याचीही घाई नको. ज्या २० हजार घरांत ती ३५ वेळा चालली, तिथे पाचची मर्यादा घातली तर ६ लाख वेळा दाखवणे वाचते, म्हणजे २ लाख ४० हजार रुपये. मोहिमेचा खर्च उरतो १ लाख ६० हजार. वाढीव भेटी तेवढ्याच राहिल्या, तर हीच जाहिरात ८० हजार रुपये मिळवून देते. त्या राहतात की नाही, हे पुढच्या महिन्यात पुन्हा काही घरे बाजूला ठेवूनच कळेल. त्यासाठी एजन्सीला अट मात्र आधी घालावी लागते; मोहीम संपल्यावर न दाखवलेली घरे नव्याने तयार करता येत नाहीत.