रविवार विकणारी पाटी

वॉशिंग सेंटरच्या पाटीवर बहुधा एकच वाक्य असतं : ‘येथे सर्व प्रकारच्या गाड्या धुऊन मिळतील.’ नवरा-बायको दोघंही नोकरीला जाणाऱ्या घराला त्यातून नवं काही कळत नाही. बादली, फडकं, शाम्पू त्यांच्याकडेही असतं. नसतो तो सुट्टीच्या सकाळचा दीड तास. हा तास विकायचा असेल, तर घोषवाक्यही त्याच्याबद्दलच बोललं पाहिजे.

‘तुमचा वेळ वाचवा’ हे वाक्य मिक्सरपासून बँकेपर्यंत सगळेच वापरतात, म्हणून ते कानावरून जातं. वाचलेल्या वेळेचं काय होणार, हे डोळ्यांपुढे यायला हवं. ‘गाडी आमच्याकडे, रविवार तुमच्याकडे’ हे चार शब्द ते काम करतात. दोन्ही बाजूंचं वजन सारखं असल्याने ओळ लगेच तोंडात बसते. दुचाकीसाठी ‘भाजी घेऊन या, गाडी तयार’ असं म्हणता येईल. त्यात वेळेचा आकडा नाही, पण साधारण किती वेळ लागेल ते प्रत्येकाला कळतं.

चार-पाच शब्दांचा आग्रह केवळ सौंदर्यासाठी नाही. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी स्कूटर सेकंदाला आठ मीटरहून थोडं जास्त अंतर कापते. पाटी २५ मीटरवरून वाचता येत असेल, तर चालवणाऱ्याच्या हाती जेमतेम तीन सेकंद असतात आणि त्यातही नजर रस्त्यावर हवी.

खरा धोका आकड्यात आहे. ‘४० मिनिटांत कार चकाचक’ असं लिहिलं आणि रॅम्प एकच असला, तर रविवारी तीन गाड्यांच्या मागे आलेल्या माणसाची गाडी हातात यायला दोन तास चाळीस मिनिटं लागतात. त्याच्यापुरती पाटी खोटी ठरली. आकडा पाळायचाच म्हटलं, तर पोरं घाई करतात. दारांच्या फटींतलं पाणी पुसायचं राहतं आणि गाडी हलली की ओघळ उतरतात. बाइकची चेन कोरडी करून तेल द्यायचं राहतं, मग काही दिवसांत ती करकरू लागते. अमेरिकेत डॉमिनोजने तीस मिनिटांत पिझ्झा पोचवण्याची हमी १९९३ मध्ये मागे घेतली, तीही घाईतल्या अपघातांवरून झालेल्या दाव्यांनंतर.

त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर आधी वेळ ठरवून द्यावी आणि पाटीवर लिहावं : ‘वेळ ठरवा, चावी द्या, निघा.’ धुण्याला किती मिनिटं लागतात यापेक्षा गिऱ्हाइकाला किती थांबावं लागतं, हे इथे महत्त्वाचं. अशी पाटी शब्द देते तो थांबावं न लागण्याचा, आणि वही नीट ठेवली तर तो पाळता येतो.

सेंटर चालवणाऱ्यांना एवढंच सांगणं : पाटी रंगवायला टाकण्याआधी दोन रविवार सकाळी दहाच्या गर्दीत घड्याळ लावून बघा. त्या वेळी जे पाळता येईल, तेवढंच लिहा.