सख्ख्या भावाचं रक्त चालत नाही तेव्हा

रक्तपेढीत हे रोजचंच. रुग्णाचा गट ओ पॉझिटिव्ह, सख्खा भाऊ बाही वर करून तयार, पण त्याचा गट निघतो बी. त्याचं रक्त चालत नाही. लागोसमधल्या ओ पॉझिटिव्ह अनोळखी माणसाचं मात्र जुळू शकलं असतं.

अमेरिकी शास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२मध्ये याचाच हिशेब मांडला. रक्तगट आणि रक्तातली प्रथिनं ठरवणारी १७ जनुकं त्यांनी घेतली, जगभरच्या समूहांची सात ‘वंशां’त विभागणी केली आणि माणसामाणसांतला फरक कुठे किती आहे ते मोजलं. ८५.४ टक्के फरक एकेका समूहाच्या आतच निघाला. एकाच वंशातल्या समूहांमध्ये ८.३, आणि वंशावंशांमध्ये उरले जेमतेम ६.३.

आकडा खोटा वाटतो ना? मग गोट्या घेऊ. एका जनुकाची दोन रूपं, लाल आणि निळं. एका पिशवीत ७० लाल, ३० निळ्या. दुसरीत नेमकं उलट. पहिल्या पिशवीतून न बघता एक गोटी काढा, परत टाका, पुन्हा एक काढा. दोन्ही वेगळ्या रंगांच्या निघण्याची शक्यता ४२ टक्के. दुसऱ्या पिशवीतही ४२. आता दोन्ही पिशव्या एकत्र ओता. शक्यता होते ५०. म्हणजे ५०पैकी ४२, अर्थात ८४ टक्के विविधता एकेका पिशवीत आधीपासूनच होती. सत्तर-तीसचा फरक डोळ्यांना केवढा दिसतो!

मुळात दोन्ही पिशव्यांत दोन्ही रंग का? कारण नेहमी आढळणारी बरीचशी रूपं समूहांच्या फाटाफुटीपेक्षा जुनी आहेत. आफ्रिकेबाहेर पडून जगभर पसरलेले लोक निघाले ते काही दशसहस्र वर्षांपूर्वी, आणि निघताना दोन्ही रंगांच्या गोट्या घेऊनच निघाले. पुढे प्रमाण इकडचं तिकडे झालं, पण एखादा रंग पार संपायला हा काळ थोडा. शिवाय सोयरिकी होतच राहिल्या.

ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी २००३मध्ये आक्षेप घेतला, तोही खरा आहे. एका जनुकावरून माणूस कुठला ते कळत नाही, पण शेकडो जनुकांतले लहान लहान फरक एकत्र पाहिले तर त्याचे पूर्वज कुठले याचा अंदाज बांधता येतो. त्याने लेवॉन्टिन यांची टक्केवारी मात्र बदलत नाही.

अपवादही आहेत. डफी नावाच्या रक्तगटाची खूण पश्चिम आफ्रिकेत बहुतेकांच्या लाल पेशींवर नसतेच, त्यामुळे व्हायवॅक्स मलेरिया तिथे सहसा होत नाही. युरोपात ती जवळपास सगळ्यांत असते. त्वचेच्या रंगाचंही गणित उलटं आहे: प्रखर उन्हाच्या निवडीमुळे त्यातला बहुतांश फरक भूभागाभूभागांत पडतो. पण हे दोन अपवाद एकमेकांशी बांधलेले नाहीत. पापुआ न्यू गिनीतल्या माणसाची कातडीही काळीभोर असते, पण त्याच्या लाल पेशींवर डफीची खूण बहुधा असतेच, आणि व्हायवॅक्स त्याला सहज गाठतो.