पोस्टरवरचा माणूस चिकटवलेला का दिसतो?

पोस्टरमध्ये बसवलेला माणूस परका वाटतो, तो बहुधा कडेमुळे. पांढऱ्या भिंतीपुढचा फोटो सूर्यास्ताच्या दृश्यावर ठेवला, की केसांभोवती फिकट रेघ उरते. फोटोशॉपमध्ये मास्क एक-दोन पिक्सेल आत घेतल्यावर ती बरीचशी जाते. सुट्या केसांवर मात्र मागच्या आकाशाचा रंग हलक्या ब्रशने चढवावा लागतो.

प्रकाशाची चूक अधिक गंभीर. सूर्य डावीकडे आणि नाकाची सावलीही डावीकडेच पडलेली असेल, तर रंग कितीही जुळवले तरी डोळा फसत नाही. अशा वेळी फोटो आडवा उलटवावा; शर्टावरची अक्षरे उलटी झाली नाहीत ना, हे पाहावे. डाव्या खांद्याला नारिंगी कड द्यावी.

शेवटी दोन्हींवर एकच कर्व्हज थर लावावा. चित्र क्षणभर कृष्णधवल करून पाहिले, की माणसाचा काळा रंग दृश्यातल्या काळ्यापेक्षा गडद राहिला असल्यास लगेच कळते.