‘रिफंड’ निघाला, पण पोहोचला कोठे?

व्यापारात विकलेला माल परत आला की आपण गिऱ्हाइकाला क्रेडिट नोट देतो. त्या क्षणी त्याच्या हाती रोकड पडत नाही. आपल्या वहीत त्याच्या खात्यावर तेवढी रक्कम जमा धरली जाते, इतकेच. ऑनलाइन खरेदी परत केल्यावर येणारा ‘रिफंड इनिशिएटेड’ हा संदेशही याच जातीचा आहे. विक्रेत्याने परताव्याची सूचना पुढे धाडली, एवढाच त्याचा अर्थ. तेथून ती रक्कम पेमेंट गेटवे, विक्रेत्याची बँक आणि कार्डाचे नेटवर्क असा प्रवास करून आपल्या बँकेत येते. कार्डाच्या बाबतीत त्यास साधारणपणे पाच ते सात कामकाजाचे दिवस लागतात. त्याहून अधिक काळ लोटला, तर मात्र रक्कम नेमकी कोठे अडली याचा शोध घ्यावा लागतो.

या शोधाचे पहिले सूत्र असे की, पैसा ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत येतो. पेमेंट अ‍ॅग्रीगेटरांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये घालून दिलेला नियमच तसा आहे. ग्राहकाने दुसऱ्या मार्गास स्पष्ट संमती दिली असेल तरच अपवाद. खरेदी क्रेडिट कार्डावर झाली असेल, तर परतावा बचत खात्याच्या पासबुकात शोधणे व्यर्थ होय. माल घरपोच मिळाल्यावर रोख रक्कम दिली असेल, तर परतावा आपण कळवलेल्या बँक खात्यात किंवा विक्रेत्याच्याच वॉलेटमध्ये जातो. म्हणून परत पाठवण्याचा अर्ज भरताना कोणता पर्याय निवडला गेला होता, हे प्रथम पाहावे.

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत गोंधळ अधिक होतो, म्हणून एक उदाहरण तारीखवार पाहू. एका घरात ४ मार्चला ₹६,४९० चा मिक्सर कार्डावर घेतला. १५ मार्चच्या बिलात तो धरून एकूण देय ₹११,२४० आले. भरण्याची अंतिम तारीख ४ एप्रिल. मिक्सर सदोष निघाल्याने २० मार्चला परत गेला आणि २५ मार्चला विक्रेत्याचा ‘रिफंड’ संदेश आला. आता ४ एप्रिलपर्यंत किती रक्कम भरायची?

येथे नियम स्पष्ट आहे. बिल भरण्यापूर्वी आणि अंतिम तारखेच्या आत परतावा कार्डावर जमा झाला, तर बँकेने तो त्याच देय रकमेतून तत्काळ वजा करून ग्राहकास कळवावे, असे रिझर्व्ह बँकेचे कार्डविषयक निर्देश सांगतात. तसे घडले असते, तर ₹४,७५० भरून काम भागले असते. परंतु परतावा प्रत्यक्ष जमा झालेला नसताना, केवळ विक्रेत्याच्या संदेशावर विसंबून कमी रक्कम भरू नये. उरलेल्या रकमेवर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागू शकते. या कुटुंबाने २ एप्रिलला पूर्ण ₹११,२४० भरले, ते योग्यच केले.

परतावा ६ एप्रिलला कार्डावर आला. बिल आधीच भरलेले असल्याने येथे दुसरा नियम लागू होतो. अशी रक्कम कार्डमर्यादेच्या एक टक्का किंवा ₹५,००० यांपैकी जी कमी असेल तिच्याहून अधिक असेल, तर ती कार्डावरच ठेवावी काय, अशी विचारणा बँकेने सात दिवसांच्या आत एसएमएस अथवा ई-मेलने करावयाची असते. ग्राहकाने संमती दिली नाही किंवा उत्तरच दिले नाही, तर ती रक्कम त्याच्या बँक खात्यात वळती करावयाची असते. या कार्डाची मर्यादा ₹१,००,००० होती, म्हणजे सीमा ₹१,००० ची. विचारणा आली, सूनबाईंनी संमती दिली, आणि वडीलधारी मंडळी मात्र बचत खात्यात रक्कम शोधत राहिली. १५ एप्रिलच्या बिलात नवी खरेदी ₹३,९०० होती, तिच्यासमोर ₹६,४९० ही रक्कम ‘Cr’ या खुणेने जमा होती. देय शून्य, वर ₹२,५९० शिल्लक. पैसे मिळालेच होते. फक्त त्यांनी निराळ्या खात्याचे रूप घेतले होते.

म्हणून तक्रार करण्यापूर्वी कार्डाची मागील दोन बिले आणि बिल न झालेले व्यवहार ओळीने वाचावेत. बिलावर विक्रेत्याचे नाव बहुधा दुकानाचे नसून कंपनीचे असते. एकाच ऑर्डरमधील दोन वस्तू परत केल्या असतील, तर परतावा दोन भागांत येऊ शकतो. एकूण आकडा शोधल्यास तो सापडत नाही. ऑर्डर लगेच रद्द केली असेल, तर मूळ खर्चाची नोंदच गळून पडू शकते आणि मग परताव्याची वेगळी नोंद होत नाही. व्यवहार मासिक हप्त्यांत वळवलेला असेल, तर परतावा आल्यावर हप्ते बंद झाले की नाही, हे बँकेस विचारून घ्यावे.

इतके पाहूनही रक्कम दिसत नसेल, तर विक्रेत्याकडे ‘परतावा केव्हा मिळेल’ असे न विचारता संदर्भ क्रमांक मागावा. कार्डाच्या परताव्यास तेवीस अंकी एआरएन असतो, यूपीआयला बारा अंकी आरआरएन, आणि एनईएफटीला यूटीआर. व्यापाऱ्याला जशी बिल्टी, तसा हा क्रमांक. परतावा खरोखर मार्गस्थ झाला असेल, तर विक्रेत्यास तो देता येतो. रास्त मुदत उलटूनही तो देता येत नसेल, तर रक्कम बहुधा त्याच्याच दारात अडली आहे, असे समजावे. क्रमांक हाती आल्यावर तो, रक्कम आणि तारीख लिहून कार्ड देणाऱ्या बँकेस लेखी कळवावे. जुने कार्ड बंद होऊन नवे आले असेल, तरी कार्डखाते तेच असल्यास रक्कम सहसा नव्या कार्डावर दिसते. खातेच बंद केले असेल, तर ती बँकेत पडून राहण्याचा संभव असतो. तेथे या क्रमांकाचा खरा उपयोग होतो.

विक्रेता दाद देत नसेल, तर दोन मार्ग आहेत. ई-कॉमर्स नियम २०२० नुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण द्यावयाचे असते. पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. दुसरा मार्ग आपल्या बँकेचा. माल परत घेतल्याची पावती आणि परतावा मान्य केल्याचा संदेश जोडून व्यवहारावर आक्षेप, म्हणजेच ‘चार्जबॅक’, नोंदवता येतो. त्याला कार्डाच्या नेटवर्कची मुदत असते, म्हणून महिनोन्‌महिने थांबू नये. बँकेच्या सेवेत त्रुटी असेल आणि लेखी तक्रारीस तीस दिवसांत समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालांकडे जाता येते. मात्र विक्रेत्याने रक्कमच पाठवलेली नसेल, तर ते भांडण बँकेचे नव्हे. तसेच दिवसाला ₹१०० भरपाईचा नियम फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. परत केलेल्या मालाच्या परताव्यास तो लागू होत नाही.

एक दक्षता शेवटी सांगावीशी वाटते. परतावा रखडला की लोक इंटरनेटवर हेल्पलाइनचा क्रमांक शोधतात आणि नेमके तेथेच भामटे टपलेले असतात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही, कोणतेही अ‍ॅप उतरवून घ्यावे लागत नाही. क्रमांक घ्यायचा तो कार्डाच्या मागील बाजूचा किंवा विक्रेत्याच्या मूळ अ‍ॅपमधीलच. आणि वस्तू परत नेणाऱ्या माणसाकडून मिळालेली पोच, परतावा बिलात ‘Cr’ म्हणून उमटेपर्यंत, जपून ठेवावी.