अभिमान, हुरहुर आणि मुखत्यारपत्र

मामेबहीण नोकरीसाठी जर्मनीला निघाली की घरच्यांना अभिमान वाटतोच, आणि यंदा गौरीच्या जेवणाला ती नसेल याची हुरहुरही लागते. दोन्ही तिला मोकळेपणाने सांगावं. पण ‘काही लागलं तर कळव’ एवढ्यावर थांबू नये. निघायच्या घाईत काय मागावं हेच सुचत नसतं. ‘तुझा पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्यायचं मी बघतो’ म्हणणारा भाऊ खरा उपयोगी.

त्यासाठी त्याच्या नावे मुखत्यारपत्र लागतं. ती इथे असतानाच दुय्यम निबंधकांसमोर ते केलेलं उत्तम. भाडेकरार, त्याची नोंदणी, सोसायटीशी पत्रव्यवहार अशी कामं त्यात नेमकी लिहावीत. विक्रीचा अधिकार गरज नसताना देऊ नये.

हेच पत्र परदेशात केलं, तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावं लागतं आणि भारतात पोहोचल्यावर 3 महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. घाईत ही मुदत सहज हुकते.

भाडं तिच्या एनआरओ खात्यात जमा व्हावं, कारण अनिवासी झाल्यावर नेहमीचं बचत खातं तसंच चालवता येत नाही. भावाने भाडेकरूलाही आधीच सांगून ठेवावं: मालक अनिवासी असेल, तर भाड्यातून कर कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी भाडेकरूचीच असते.