चार वाजून सहा मिनिटांची सावली

14 एप्रिल 1944. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज धक्क्याला लागलेलं होतं. त्याच्या पोटात सुमारे 1,400 टन दारूगोळा होता आणि कराचीहून चढवलेल्या कापसाच्या 8,700 गाठी होत्या. दुपारी धूर दिसला. दोन तास बंबवाले पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटलं. अर्ध्या तासानंतर आणखी एक स्फोट झाला. अग्निशमन दलाचे 66 जवान त्या दिवशी गेले. 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्याच आठवणीत.

या घटनेवर माहितीपटातला चार मिनिटांचा एक भाग करायचा आहे असं धरू. त्याची संहिता कागदावर तीन रकान्यांत उतरते. पहिल्या रकान्यात निवेदन, म्हणजे प्रेक्षकाच्या कानावर काय पडणार ते. दुसऱ्यात दृश्य, म्हणजे कॅमेऱ्यासमोर काय उभं करायचं ते. तिसरा रकाना पडद्यावर कधीच दिसत नाही. त्यात चित्रीकरणाआधी काय पडताळायचं ते लिहिलेलं असतं. माझ्या मते माहितीपटाचा खरेपणा या तिसऱ्या रकान्यावर उभा असतो. तो कसा भरतात, हे स्फोटाआधीच्या एका छोट्या दृश्यातून दाखवतो.

निवेदन: “तीन पन्नासला जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. धक्क्यावरचे बंबवाले मात्र पाण्याचे झोत धरून उभेच होते. घड्याळात चार वाजून सहा मिनिटं झाली.”

दृश्य: धक्क्याच्या दगडी फरशीवर कॅनव्हासचा ओला नळ. तो धरलेले दोन हात. नळाच्या सांध्यातून उडणारं पाणी फरशीवर पडतं. कॅमेरा हळूहळू वर जात नाही, खालीच राहतो. फरशीवर बंबवाल्याची सावली दिसते. जहाज दिसत नाही, फक्त धूर त्या सावलीवरून सरकतो.

दृश्य साधं आहे. दोन माणसं, एक नळ, थोडा धूर. पण सावली किती लांब हवी, असं छायाचित्रकार विचारतो आणि तिसऱ्या रकान्याचं काम सुरू होतं.

पडताळणी: चार वाजून सहा मिनिटं, पण कोणत्या घड्याळात?

आज हा प्रश्न विचित्र वाटेल. 1944 च्या मुंबईत तो रोजचा होता. भारतीय प्रमाणवेळ 1906 पासून होती, तरी मुंबईत ‘मुंबई टाइम’ही चालू होता आणि तो प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे असे. तो पुढे 1955 पर्यंत टिकला. त्यात महायुद्ध आलं. 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत सरकारने देशातली घड्याळं आणखी एक तास पुढे ठेवली होती. म्हणजे युद्धकाळातल्या सरकारी घड्याळात चार वाजून सहा मिनिटं झाली, तेव्हा आजच्या हिशेबाने तीन वाजून सहा मिनिटं झालेली असत. तीच वेळ मुंबई टाइमची असेल, तर आजच्या घड्याळात पावणेपाच होतात. एकाच आकड्याच्या दोन अर्थांत पावणेदोन तासांचं अंतर पडतं.

आता हे सावलीवर उतरवून पाहू. एप्रिलच्या मध्यात मुंबईचा सूर्य दुपारनंतर जवळजवळ थेट पश्चिमेला असतो, त्यामुळे दोन्ही पर्यायांत सावली पूर्वेकडेच पडते. दिशेवरून काहीच ठरत नाही, ठरतं ते लांबीवरून. वेळ युद्धकाळातली असेल तर सूर्य क्षितिजापासून सुमारे 53 अंश वर असतो आणि सहा फूट उंचीच्या माणसाची सावली साडेचार फुटांची पडते. मुंबई टाइम असेल तर सूर्य 30 अंशांवर उतरलेला असतो आणि सावली साडेदहा फुटांपर्यंत जाते. पहिल्यात भर दुपार आहे, डोक्यावर ऊन आहे. दुसऱ्यात कलती दुपार आहे, उन्हाला पिवळेपणा आला आहे. प्रेक्षकाला आकडा आठवणार नाही, पण ते ऊन तो विसरणार नाही. चुकीचं ऊन दाखवलं तर त्या दिवसाची खोटी आठवण त्याच्या मनात रुजते.

हे सोडवायचं कसं? सरकारी चौकशीतल्या साक्षी युद्धकाळातल्या वेळेत असण्याची शक्यता जास्त, पण शक्यतेवर चित्रीकरण करत नाहीत. अशा वेळी माणसाच्या आठवणीपेक्षा यंत्राची नोंद गाठावी. हा हादरा भूकंपमापक यंत्रांनी टिपल्याचं सांगितलं जातं, आणि वेधशाळेची नोंद ग्रीनिच वेळेशी ताडता येते. तिथे 9 वाजून 36 मिनिटांच्या आसपासची खूण सापडली तर युद्धकाळातली वेळ पक्की. 11 वाजून 15 मिनिटांची सापडली तर मुंबई टाइम. दुसरा मार्ग छायाचित्रांचा. स्फोटानंतर लगेच काढलेल्या, वेळेची खात्री असलेल्या छायाचित्रात एखादा खांब आणि त्याची सावली दिसत असेल, तर दोन्हींच्या लांबीच्या गुणोत्तरावरून सूर्याची उंची काढता येते. दोन स्वतंत्र मार्ग एकाच उत्तरावर आले की तिसऱ्या रकान्यात त्या ओळीपुढे बरोबरची खूण होते. मगच छायाचित्रकाराला कळवायचं की एप्रिलच्या मध्यात, तीन वाजता कॅमेरा लावा.

जागेचाही प्रश्न आहे. व्हिक्टोरिया गोदी आता भराव घालून बुजवली आहे, त्यामुळे चित्रीकरण दुसऱ्या धक्क्यावर करावं लागणार. मग जुन्या नकाशावरून जहाज कोणत्या दिशेला तोंड करून होतं ते काढून, नव्या धक्क्यावर माणसं त्याच कोनात उभी करायची. नाहीतर सावलीची लांबी बरोबर आणि दिशा चूक, असं होतं.

दुसरी नोंद कारणाबद्दलची. प्रचलित वर्णन असं आहे की आग जहाजाच्या पोटातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या कप्प्यात, खालच्या कापसात लागली होती. बाहेरून 900 टनांहून जास्त पाणी मारलं गेलं. पाणी जसं कप्प्यात चढलं तसा जळता कापूस तरंगत वर गेला आणि वरच्या दारूगोळ्याला जाऊन भिडला. जे पाणी विझवायला ओतलं, त्यानेच आग वर उचलली. हे दाखवायचा मोह होणारच. पण त्या कप्प्याच्या आत काय घडलं ते पाहणारा कोणीही वाचला नाही. म्हणून तिसऱ्या रकान्यात दोन सूचना येतात. माल कसा रचला होता याचा आराखडा मूळ अहवालातून मिळवावा, आणि कप्प्यातलं दृश्य माणसांनिशी न उभारता साध्या रेखाचित्राने समजवावं. निवेदनातही “असं झालं” याऐवजी “चौकशीत असा निष्कर्ष निघाला” असं म्हणावं, तेही अहवालातले शब्द वाचून झाल्यावर.

तिसरी नोंद मृतांच्या आकड्याची. सरकारी मोजणी सातशेच्या पुढे थांबते, इतर अंदाज त्याहून बरेच वर जातात. गोदीत रोजंदारीवर येणाऱ्या ज्या माणसाचं नाव कोणत्याच हजेरीपटावर नव्हतं, तो मृतांच्या यादीत तरी कुठून येणार? म्हणून निवेदनात एकच आकडा ठोकून देऊ नये. सरकारी आकडा सरकारी म्हणून सांगावा आणि तो कमी का असू शकतो ते पुढच्याच वाक्यात सांगावं.

स्फोट मात्र पुन्हा उभारू नये, कारण त्याच्या धुराची आणि उद्ध्वस्त गोदीची खरी चित्रं उपलब्ध आहेत. आपण जे उभारलं त्यावर ‘पुनर्रचित दृश्य’ ही पट्टी ठेवावी आणि खऱ्या चित्रांवर ती नसावी.

आता पहिल्या निवेदनाकडे परत येऊ. पडताळणी झाल्यावर ते असं होईल: “सरकारी घड्याळात चार वाजून सहा मिनिटं झाली होती. युद्धामुळे घड्याळं तासभर पुढे होती. सूर्य अजून बराच वर होता.” दहा-बारा शब्दांची भर पडली. खाली फरशीवर बंबवाल्याच्या पायाशी साडेचार फुटांची आखूड सावली आहे, आणि ती त्याचीच आहे.