मुलं परिच्छेद लिहिताना भरकटतात का? तिसरीसाठी पाच वाक्यांची सोपी पद्धत

‘मिरचीवर पाच वाक्ये लिहा’ म्हटलं, की मिरची लाल असते, मिरची तिखट असते, अशी सुटी वाक्यं येतात. असं का होतं? कारण विषय मिळतो, पण त्याबद्दल काय सांगायचं हे ठरलेलं नसतं.

उदाहरण नंदुरबारच्या मिरची पथारीचं, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेचं घेऊ. फळ्यावर मधोमध गोल काढून त्यात ‘पथारी’ लिहा. मुलं सांगतील ते शब्द गोलाभोवती रेघांनी जोडा: गाड्या, पसरणं, देठ, हात झोंबणं, भजी. घरी भिली, पावरी किंवा मावची बोलणाऱ्या मुलांना आधी त्यांच्या भाषेत सांगू द्या.

आता मुख्य वाक्य ठरवा: ‘पथारीवर दिवसभर काम चालते.’ प्रत्येक शब्दाला विचारा, हे काम दाखवतं का? भजी दाखवत नाहीत, ती खोडा. जाळ्याला क्रम नसतो, म्हणून उरलेल्या शब्दांना आकडे द्या. ही पायरी चुकली तर वाक्यं उलटसुलट होतात.

तयार परिच्छेद असा:

‘पथारीवर दिवसभर काम चालते. गाड्यांतून ओली मिरची येते. बायका ती उन्हात पसरतात. वाळलेल्या मिरचीचे देठ खुडतात. संध्याकाळी सगळ्यांचे हात झोंबतात.’

जमलं का, हे कसं ओळखाल? पहिलं वाक्य झाकून बाकीची चार दुसऱ्या मुलाला वाचायला द्या. परिच्छेद कशाबद्दल आहे हे त्याने ओळखलं, तर जमलं.